पाच एमबीतले बाबा

मी काय काम करते असं कुणी विचारलं, की मी सांगते, लोकांची तोंडं आवरते. खरंच तेवढंच करते. कंपन्यांचे साहेब कॅमेऱ्यासमोर बसतात, अर्धा तास बरळतात, आणि मी त्यातून दीड मिनिट काढते. त्यांचं अडखळणं, घसा खाकरणं, "अं अं" करत छताकडे बघणं, सगळं कापते. खाली स्वच्छ कॅप्शन टाकते. साहेब स्वतःचा व्हिडिओ बघून खूश होतात, आपण इतके हुशार आहोत हे त्यांनाही नव्याने कळतं. बारा वर्षं झाली. आमच्या स्टुडिओचा मालक म्हणतो, हिच्या हातून मुका माणूससुद्धा भाषण करून जाईल. मला आवडायचं ते ऐकायला. कशाला खोटं बोलू?

माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. वर्षातून आठ-नऊ महिने पाण्यावर. बाबा आजारी पडले तेव्हा तो घरी होता, ऑक्सिजनचं मशीन त्यानेच घरी आणून लावलं, नळीची लांबी मोजून बाथरूमपर्यंत पुरते की नाही ते बघितलं आणि मग गेला. बाबांची फुप्फुसं कडक होत चालली होती. डॉक्टरांना किती दिवस असं विचारलं, तर ते म्हणाले, "सांगता येत नाही. काहींचे महिने निघतात." आम्ही त्यातला महिने हा शब्द तेवढा घरी घेऊन आलो.

बाबांनी आयुष्यभर ड्रायव्हिंग शिकवलं. तोंडाचा पट्टा सतत चालू. "अरे क्लच आहे तो, वैरी नाही तुझा!" असं ओरडायचे, की रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. आणि शिकणाऱ्याने थांबायला हवं असेल, तर मात्र बोलायचे नाहीत. उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचे, एवढंच. बोट खाली येईपर्यंत क्लच सोडायचा नाही. आम्ही दोघंही त्याच बोटाखाली शिकलो. धाकट्याने एकदा तो नियम मोडला, तर भाजीवाल्याची गाडी आडवी केली.

तर एका गुरुवारी धाकट्याची मेल आली. जहाज मंगळवारी सकाळी एका बंदराला लागणार होतं. तिथे त्याच्या जागी दुसरा माणूस चढू शकत होता, कॅप्टनने तशी तयारीही करून ठेवली होती. पण सोमवार संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचं. नाही म्हटलं तर पुढचं बंदर बावीस दिवसांनी, मधे नुसतं पाणी. खाली त्याने लिहिलं होतं, "ताई, फोनवर बाबा काय बोलतात ते मला कळत नाही. लाइन खरखरते, त्यांचा आवाज बारीक झालाय, आणि आई काय, नेहमी बरेच आहेत म्हणते. तू बाबांचा एक व्हिडिओ पाठव. बघून ठरवतो. इथे मेलला पाच एमबीच्या वरचं काही चढत नाही, आणि मेसमधल्या कॉम्प्युटरचा स्पीकर भिकार आहे, तेवढं बघ."

मी वाचून दाखवलं. बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, "कंगवा... आण."

रविवारी दुपारी त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. आईने त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला, दोन बटणं चुकवून लावली आणि बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, की तिने मुकाट्याने परत लावली. नाकातली नळी होतीच, ती काढायची नाही हे मी आधीच बजावलं होतं. फोन स्टँडवर लावला, लाल बटण दाबलं आणि म्हटलं, "हं, बाबा, बोला. तो बघतोय असं समजा."

तीन मिनिटं बावन्न सेकंद झालं ते. मधे मी एकदाही थांबवलं नाही.

बाबा काय बोलले? मी बरा आहे म्हणाले. जेवण जातंय म्हणाले. तुझं काम पुरं करून ये, घाई करू नकोस, आई आहे, ताई आहे. आणि शेवटी, गाडी आठवड्यातून एकदा सुरू करायला सांगितलंय ताईला, नाहीतर बॅटरी उतरेल. बस, एवढंच. सगळं आपल्यासारख्याने वाचलं तर पाऊण मिनिटही लागणार नाही. बाबांना चार मिनिटं लागली.

आता इथून पुढचं नीट सांगायला हवं, कारण माझी चूक त्यात आहे.

संध्याकाळी फाइल कॉम्प्युटरवर घेतली. चारशे नव्वद एमबी. बसवायची पाचात. त्यातही पाच म्हणजे पाच नव्हेत. मेलला जोडलेली फाइल जाताना फुगते, जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने, हे आमच्या धंद्यात ठोकर खाऊन कळतं. म्हणजे माझ्या हातात फार तर साडेतीन. मी आधी अख्खा व्हिडिओ तसाच ठेवून साडेतीनात दाबून बघितला. हिशोब सरळ असतो: लांबी जितकी जास्त, तितकं प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला कमी येतं. साडेतीन एमबी जवळजवळ चार मिनिटांवर पसरल्यावर बाबांच्या वाट्याला काय येणार? त्यांच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. डोळे कुठे, भुवया कुठे, पत्ता नाही. खाली टाकून बघितलेलं कॅप्शनही विरघळल्यासारखं झालं. हे माझं हातखंडा काम, आणि असलं फुटकं चित्र पाठवू? माझ्या बापाचं?

मग मी माझं काम केलं.

आधी फ्रेम कापली. मागचा पडदा वाऱ्याने हलत होता आणि हलणारी वस्तू फार जागा खाते, म्हणून पडदा बाहेर. पडद्याबरोबर शेजारचं मशीनही बाहेर गेलं. मशीनची घरघर बाबांच्या आवाजावर बसत होती, ती फिल्टर लावून पुसली. आणि मग टाइमलाइनवर आवाजाची रेघ बघून जिथे जिथे ती सपाट, तिथे कात्री लावली. मी. खट. बरा. खट. आहे. खट. मधलं सगळं उडवलं. असे कट मारले की माणूस दर वेळी टुणकन हलतो, ते दिसू नये म्हणून एका तुकड्यात चेहरा जरा जवळ घ्यायचा, पुढच्यात परत लांब. मग बघणाऱ्याला वाटतं मुद्दाम केलंय. हे तर मी झोपेतही करते.

तीन मिनिटं बावन्नचे अठ्ठेचाळीस सेकंद झाले.

कॅप्शनं चित्रातच पक्की बसवली, कारण वेगळी फाइल जहाजावर उघडेल की नाही कोण जाणे. मोठी अक्षरं, मागे काळी पट्टी. "मी बरा आहे. जेवण जातंय." दुसरं, "तुझं काम पुरं करून ये. घाई करू नकोस." पूर्णविराम जागच्या जागी. आमच्याकडे नियमच आहे, कॅप्शनमध्ये खोकला लिहायचा नाही, दम लिहायचा नाही, माणसाला म्हणायचं होतं ते लिहायचं. एक्सपोर्ट केलं, तीन पॉइंट चार एमबी. चेहरा कसा लख्ख! दाढीचा पांढरा खुंटसुद्धा मोजून घ्यावा.

आईला दाखवला तर ती हरखून गेली. "अगंबाई! किती सरसर बोलतायत! परत लाव." चार वेळा बघितला तिने. बाबांपुढे धरला. त्यांनी पूर्ण बघितला, मग माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "हा... माणूस... बरा दिसतोय." मी म्हटलं, "मग? बारा वर्षं काय झक मारतेय का?" ते म्हणाले, "हाच... पाठव."

मी पाठवला. खाली लिहिलं, "बाबा काय म्हणतायत ते बघ आणि तूच ठरव. मी मधे पडत नाही." केवढा शहाणपणा! मधे पडत नाही म्हणे. अठ्ठेचाळीस सेकंदांत पंचवीस वेळा मधे पडून बसले होते मी.

तुम्ही म्हणाल, तुला दिसत नव्हतं का? रोज घरात होतीस. तेच तर झालं ना! रोज घरात होते. गेले सहा-सात महिने बाबा तीन शब्दांनंतर थांबत होते, मग दोन शब्दांनंतर, मग एकेका. ते थांबणं मला ऐकूच येईनासं झालं होतं. आपण बोलायचं, थांबायचं, हातातली भाजी निवडायची, मग त्यांचा पुढचा शब्द यायचा. माझ्या लेखी ते वाक्यच होतं. ज्याने इतके महिने बघितलं नव्हतं त्याला ते दिसलं असतं, आणि त्याच्यासाठीच मी ते काढून टाकलं.

सोमवारी दुपारी धाकट्याचं उत्तर आलं. "ताई, जीव भांड्यात पडला. काय खणखणीत बोलतायत! माझ्यापेक्षा बरे दिसतायत. कॅप्टनलाही दाखवला, तोही म्हणाला, काळजीचं कारण दिसत नाही. बदली माणूस नको म्हणून कळवलंय. दोन महिन्यांनी येतोच. बॅटरीचं मात्र विसरू नकोस."

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, बरं वाटलं त्यांना.

त्यानंतर सतराव्या दिवशी सकाळी चहा निम्मा पिऊन त्यांनी कप खाली ठेवला आणि मग काही उचललंच नाही. जहाज तेव्हा पाण्याच्या मधोमध होतं. मी दोन ओळींची मेल पाठवली. एवढी छोटी मेल मी आयुष्यात लिहिली नव्हती. तिकडून आलेली त्याहून छोटी होती: "कसं काय?"

त्या दोन शब्दांनी माझी झोप उडवली. कसं काय, म्हणजे कशाने गेले असं विचारत नव्हता तो. परवा तर बोलत होते, हे विचारत होता.

तो घरी आला तेव्हा बाबांना जाऊन आठ दिवस झाले होते. बॅग दारातच ठेवली, आईला घट्ट धरून बसला, मग खुर्चीजवळ गेला, मशीनवर हात ठेवला. मशीन बंद होतं. मला म्हणाला, "इतक्यात कसं झालं गं, ताई? मी पंचवीस-तीस वेळा बघितलाय तो व्हिडिओ. पाठ झालाय मला. एका दमात बोलतात."

आई म्हणाली, "हो ना, किती छान बोलले होते."

मी म्हटलं, "एका दमात नव्हते बोलले."

म्हटलं, आता बस्स. लॅपटॉप आणला आणि मूळ फाइल लावली. पूर्ण. पडदा हलत होता, मशीन घरघरत होतं, आणि बाबा खुर्चीत होते. "मी," म्हणाले. मग थांबले. खांदे वर गेले, खाली आले, परत वर गेले. मानेच्या खळग्यात कातडी आत ओढली जात होती. "बरा." परत तेच. पहिल्या वाक्याचा तिसरा शब्द यायला चौदा सेकंद लागले. आई उठून स्वयंपाकघरात गेली.

धाकटा हात गुडघ्यांमधे धरून बघत राहिला. "काम पुरं" आणि "करून ये" यांच्या मधे अकरा सेकंद आहेत. तिथे तो एकदम पुढे वाकला आणि म्हणाला, "हे बोट."

मी बघितलं. खरं म्हणजे मी ते पंचवीस वेळा बघितलं होतं आणि पंचवीस वेळा कापलं होतं. दर थांब्याला बाबांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट खुर्चीच्या हातावरून जरासं वर उठत होतं. तेच बोट. थांब, अजून झालं नाही, सोडू नकोस. ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते, फोनच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघत होते. मी बंद करीन अशी भीती वाटत असावी त्यांना. मी बंद नाही केलं हो. पण नंतर बसून एकेक बोट मोजून उडवलं.

"हे बघितलं असतं तर," धाकटा म्हणाला, आणि पुढे बोललाच नाही. बोलायला हवं होतं त्याने. ओरडायला हवं होतं. लहानपणी माझ्या वेण्या ओढायचा तसं काहीतरी करायला हवं होतं. मीच बडबडत सुटले. फाइल मोठी होती, मेल घेत नव्हतं, चेहरा फुटत होता. मग म्हटलं, "चार तुकडे करून चार मेल पाठवता आल्या असत्या रे. तेवढंही सुचलं नाही मला. व्हिडिओ चांगला दिसावा म्हणून बसले. तुला यायचं होतं आणि मी तुला येऊ दिलं नाही." आणि मग मला रडू आवरेना.

त्याने लॅपटॉप मिटवला. मग म्हणाला, "बाबांना ये म्हणायचं नव्हतं, ताई. ते तर शब्दांत आहेच."

"शब्द काय घेऊन बसलास," मी म्हटलं. "त्यांच्या तोंडचं खोटं होतं ते, आणि मी ते इस्त्री करून पाठवलं."

यावर त्याने मान हलवली. नाही म्हणाला नाही, हेही खरं. उगाच माझी समजूत घालायला गेला नाही, आणि त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

पंधरा दिवसांनी तो परत निघाला. निघायच्या आदल्या दिवशी, मी कामावरून आले तेव्हा खुर्चीत बसला होता. म्हणाला, "एक काम करशील?"

"बोल."

"तू कापलंस ना ते... तेवढंच दे मला. बोललेलं आहे माझ्याकडे. तू काढून टाकलंस ते नुसतं जोडून दे."

मला आधी कळेना. मग कळलं आणि मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत, जेवणाच्या सुट्टीत केलं ते. तीच टाइमलाइन, फक्त उलटी. शब्द काढले आणि थांबे ठेवले. 'मी' गेलं, 'बरा' गेलं, 'आहे' गेलं. तीन मिनिटं चार सेकंद उरले. फ्रेम कापली नाही, पडदा राहू दिला. फिल्टर काढून टाकला, मशीनची घरघर परत आली. चेहरा जवळ-लांब केला नाही, टुणकन हलतो तिथे हलू दिला. बाबा श्वास घेतात, बोट वर करतात, माझ्याकडे बघतात. परत श्वास घेतात. एक शब्द नाही.

मालक डबा घेऊन मागे येऊन उभा राहिला. थोडा वेळ बघून म्हणाला, "अगं, यात तर काहीच नाही. आणि कॅप्शन?"

मी म्हटलं, "नाही टाकायचं." त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि डबा घेऊन निघून गेला.

एक्सपोर्टच्या खिडकीत आकार विचारला. बारा वर्षं मी तिथे आधी हिशोब करते, किती बसेल, किती कापायचं. या वेळी सगळ्यात मोठा आकडा निवडला. जवळजवळ चारशे एमबी. पेन ड्राइव्हवर घेतला आणि संध्याकाळी त्याच्या हातावर ठेवला.

त्याने तो शर्टच्या खिशात टाकला आणि बटण लावलं. मग आम्ही बाबांच्या गाडीत बसलो, बंदराच्या बसपर्यंत मी सोडणार होते. चावी फिरवली, तर इंजिन नुसतंच कण्हलं. बॅटरी उतरली होती. महिना झाला होता, मी हात लावला नव्हता. मी कपाळावर हात मारला आणि परत चावी फिरवायला गेले, तर शेजारी बसलेल्या धाकट्याने काही न बोलता उजव्या हाताचं बोट वर केलं.

मी थांबले. बोट खाली येईपर्यंत मी चावीला हात लावला नाही.